गव्हाला फुटवे भरपूर असूनही उतारा कमी: मदत हवी आहे

काळीची_माती: नमस्कार मंडळी. नागपूरजवळ माझी भारी काळी जमीन आहे. यंदा कपाशी काढून १ डिसेंबरला २२.५ सेंटीमीटरवर गहू पेरला. महिनाभरात फुटवे इतके झाले की ओळी दिसेनाशा झाल्या. परंतु एकरी उतारा जेमतेम ११ क्विंटल आला. शेजाऱ्यांनी तोच वाण नोव्हेंबरच्या मध्यास पेरला होता, त्यांना १६ च्या आसपास मिळाला. फेब्रुवारीच्या उन्हाने दाणा मारला, असा माझा समज आहे. पुढील वर्षी बियाणे वाढवावे काय, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

सावनेरी: गव्हाचे उत्पन्न म्हणजे फुटवे. फुटवे मरू नयेत म्हणून निसवताना युरियाचा आणखी एक हात द्यावा, ओंब्या वाढतात.

मौद्याचा_धानवाला: आमच्याकडे यंदा धानाच्या लोंब्यांत निम्मे दाणे पोचट निघाले. तुमच्याही लोंब्या पोचटच होत्या का? आम्ही तर खोडकिडीवर दोन फवारण्या घेतल्या होत्या.

निवृत्त_कृषिसहायक: धानवाले दादा, पोचट दाण्यांचा विषय वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा.

सावनेरी, फुटवे लागतात हे आपले म्हणणे खरे. पण निसवेपर्यंत कोणत्या फुटव्यांना ओंबी यायची हे ठरून गेलेले असते. कांडी धरू लागली की उशिरा आलेले, कमजोर फुटवे आपोआप वाळतात आणि ते स्वाभाविकच आहे. निसवताना दिलेला युरिया दाण्यातील प्रथिने थोडी वाढवील, ओंब्या वाढवणार नाही.

धागाकर्त्यांना विनंती, की उन्हाला दोष देण्याआधी मोजणी करावी. धसकटे अजून शेतात असतील तर एक मीटर ओळीतील ओंबी आलेल्या काड्या चार-पाच ठिकाणी मोजून सरासरीला ०.२२५ ने भागावे, म्हणजे चौरस मीटरमधील ओंब्या कळतील. राखून ठेवलेल्या काही ओंब्यांतील दाणे आणि हजार दाण्यांचे वजनही घ्यावे. शेजाऱ्यांच्या गव्हाचेही तसेच करावे. ओंबीच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना दाण्यांचे झुपके बसलेले असतात, तेही मोजावेत. पाण्याच्या पाळ्या कधी दिल्या, तेही कळवावे.

काळीची_माती: मोजले. माझ्या शेतात मीटरला ६३ काड्या, म्हणजे चौरस मीटरला २८० ओंब्या. शेजाऱ्यांकडेही जवळजवळ तेवढ्याच. ओंबीत दाणे माझे २९, त्यांचे ३८. हजार दाण्यांचे वजन माझे ३४ ग्रॅम, त्यांचे ३७. झुपके माझ्या ओंबीवर १६, त्यांच्या १७. पहिले पाणी २१ व्या दिवशी दिले. दुसरे बेचाळिसाव्याच्या सुमारास द्यायचे होते, परंतु विहिरीवरील मोटार जळाल्यामुळे ते ५८ व्या दिवशी गेले, तोवर जमिनीला भेगा पडल्या होत्या.

निवृत्त_कृषिसहायक: आता चित्र बरेच उघड झाले. २८० ला २९ ने आणि ३४ ग्रॅमने गुणले, की चौरस मीटरला सुमारे २७६ ग्रॅम, म्हणजे एकरी ११ क्विंटल येतात. शेजाऱ्यांचा हिशेब १६ च्या जवळ जातो. ओंब्या सारख्याच असल्याने बियाणे वाढवून काही साधणार नाही. वजनातील तूट आठ टक्के, दाण्यांच्या संख्येतील मात्र जवळपास चोवीस. उन्हाने मुख्यतः भरण मारले असते, तर संख्या टिकून दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघाला असता. कारण वजन फुलोऱ्यानंतरच भरते.

झुपक्यांची संख्या कांडी धरू लागते त्या सुमारास ठरून जाते, तेव्हा ओंबी पोंग्याच्या तळाशी, पातीने चिरून पाहिली तरच दिसेल इतकी लहान असते. तिथपर्यंत आपले पीक ठीक होते. प्रत्येक झुपक्यात मात्र पुष्कळ फुले धरतात आणि फुलोऱ्याआधीच्या सुमारे तीन आठवड्यांत त्यांतील बरीच गळतात, कारण त्याच वेळी खोडही झपाट्याने वाढत असते आणि अन्न त्या दोघांत वाटले जाते. त्यात पाण्याचा ताण पडला, की फुले आणखी कमी उरतात. आपल्या झुपक्यात सरासरी १.८ दाणे, शेजाऱ्यांच्या २.२, पाणी चुकले तेही नेमके याच काळात.

सावनेरी: मग उशिरा पेरणीचा काहीच संबंध नाही म्हणता? माझ्या शेतात उशिराचा गहू पाण्याची पाळी न चुकताही ओंबीला आखूड राहतो.

निवृत्त_कृषिसहायक: तसे मी म्हणत नाही. उशिरा पेरल्यावर फुलोऱ्याआधीचा काळही उबेत सरकतो, तो लवकर उरकतो आणि फुले पोसायला दिवस कमी मिळतात. येथे पेरणी आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकाच शेतात बदलल्या आहेत. त्यामुळे कोणत्या कारणाने किती दाणे गेले, हे या मोजणीवरून सांगता येत नाही. झुपके एकानेच घटले, म्हणून माझा कल पाण्याकडे आहे, इतकेच.

काळीची_माती: कपाशी लवकर मोकळी होत नाही, त्यामुळे पेरणी डिसेंबरच्या आधी आणणे मला जमणार नाही. मग त्याच तारखेला पेरून अर्ध्या एकराला ४२ व्या दिवशी आणि उरलेल्याला ५० व्या दिवशी पाणी द्यावे, असा विचार आहे. बियाणे दोन्हीकडे सारखेच ठेवतो.

निवृत्त_कृषिसहायक: चालेल. मात्र तिसरे पाणी दोन्ही भागांना एकाच दिवशी, फुलोरा आणि चीक भरण्याच्या वेळी द्यावे. नाहीतर वजनातही फरक पडेल आणि हिशेब पुन्हा गुंतेल.