मंद उजेडातला बैठक-तक्ता: काळ्यावर सोनेरी की पांढऱ्यावर काळं?

रेघोट्या: १६० पाहुणे, २० टेबलं, हॉलमध्ये पिवळसर मंद दिवे. यजमानांना काळ्या कागदावर सोनेरी फॉइलची अक्षरं हवी आहेत. दारापाशी तक्त्यावर नाव सापडेल का, आणि लांबून टेबलाचा क्रमांक दिसेल का? तक्ता टेबलवार करावा की नाववार?

शाईवाला: फॉइल काढा. फॉइल म्हणजे आरसाच, समोर जे असेल ते दाखवतो. समोर अंधार असला की सोनेरी अक्षर काळपट होऊन कागदात बुडतं, दिवा नेमक्या कोनात आला की चकाकतं. वाचणारा अर्धं पाऊल सरकला की नाव गेलं. पांढरा मॅट कागद, काळी शाई. हवंच असेल तर फॉइल वरच्या शीर्षकाला आणि चौकटीला लावा, तिथे कुणाला काही शोधायचं नसतं.

कोपऱ्यातला: फॉइलचं पटलं, पण काळा कागद का नाही? मोबाइल आपण अंधारात काळ्या पडद्यावरच वाचतो. काळ्यावर पांढरी शाई दिली तरी काळ्या-पांढऱ्यातला फरक तेवढाच राहतो.

शाईवाला: मोबाइलचं अक्षर स्वतः उजळतं, कागदाचं नाही. त्यात अंधारात बाहुली मोठी होते, मग काळ्यावरचं बारीक पांढरं अक्षर कडेला पसरल्यासारखं दिसतं. डोळ्याला तिरपा नंबर असेल तर जास्तच. शिवाय सगळा कागद काळा छापून अक्षरं कोरी सोडली तर शाई कडेने आत सरकते आणि अनुस्वार, रफार बुजतात. टेबलावर ठेवायच्या क्रमांकाच्या कार्डावरच्या मोठ्या आकड्याला यातलं काही फारसं बाधत नाही, म्हणून तिथे काळं चालेल.

अनघा: मला तिथेही पटत नाही. आकडा वाचण्याआधी कार्ड सापडावं लागतं. पांढरं कार्ड अंधारात लांबून उठून दिसतं, काळं टेबलावरच्या पसाऱ्यात हरवतं.

आता माप. फलकांसाठी ढोबळ हिशोब असा, की दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. २० फुटांवरून २ इंच, म्हणजे ५ सेंमी. मंद उजेडासाठी ते दीडपट करून ७-८ सेंमी धरा. ए५ आकाराच्या उभ्या कार्डावर दोन अंकी आकडाही एवढा बसतो. रेघ जाड हवी, आणि आकडा दोन्ही बाजूंना. कार्डाच्या मागे मेणबत्ती ठेवली की समोरून फक्त काळी सावली दिसते, म्हणून दिवा कार्डाच्या पुढे किंवा बाजूला.

कोपऱ्यातला: लोक बसले की डोकी आड येतात, मग ८ सेंमीचा काय उपयोग?

अनघा: म्हणूनच दांडी लागते. टेबल साधारण ७५ सेंमी, बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. आकडा टेबलापासून ५० सेंमीच्या वर गेला तर मोकळा दिसतो. सगळे बसले की दांड्या उचलून घ्यायच्या, नाहीतर समोरासमोर बोलताना मधे येतात.

निवांत: आमच्याकडे तक्ता आरशावर करायचा ठरलंय, पांढऱ्या व्हिनाइलची नावं. फॉन्ट कुठला घ्यावा?

शाईवाला: फॉन्टने सुटणार नाही. वाचणारा दीड मीटरवर उभा असेल तर त्याचं प्रतिबिंब तीन मीटरवर दिसतं, आणि नजर तिकडेच जाते. मागे पांढरा सदरा असला की पांढरी अक्षरं त्यात मिसळतात. आरशाची चौकट ठेवा, आत कागद लावा.

रेघोट्या, तक्ता नाववारच. टेबलवार यादीत माणूस पहिल्या टेबलापासून वाचत येतो आणि मागे रांग लागते. ए१ कागद उभा घ्या, ५९४ × ८४१ मिमी. वर शीर्षकाला आणि समासांना २०० मिमी सोडले तर ६४० उरतात. चार रकान्यांत ४०-४० नावं, म्हणजे ओळीला १६ मिमी. त्यात २८ पॉइंटचं ठळक अक्षर मावतं. त्याहून मोठं केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. टेबल क्रमांक नावाच्या आधी, डावीकडे. उजवीकडे लांब नेला तर नजर ओळ चुकते.

अनघा: नाववार म्हणजे आडनावाने की पहिल्या नावाने? वर्णक्रम सगळ्यांना पाठ नसतो. ‘क्ष’ कुठे शोधायचा यावरच घोटाळा होतो.

शाईवाला: आडनावाने, आणि प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला ते अक्षर मोठं.

कोपऱ्यातला: एका आडनावाची ३० माणसं असली की? पहिल्या नावानेच लावा.

अनघा: इथे यादी बघूनच ठरवावं लागेल. आकडे मात्र नीट निवडा. बऱ्याच फॉन्टांत १ आणि ९ अंधारात सारखेच दिसतात, मग ११ आणि १९ची अदलाबदल.

तक्त्याला वरून स्वतंत्र दिवा द्या, पुढून आणि तिरका, म्हणजे वाचणाऱ्याची सावली पडत नाही. चकचकीत लॅमिनेशन नको, त्यात दिव्याचाच डाग दिसतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोचतो, तेव्हा चाचणीला वयस्कर माणूस उभा करा. मूळ मापातली दहा नावांची पट्टी छापा आणि हॉलमधल्याच उजेडात दीड मीटरवरून वाचायला द्या. फोटो काढून ठरवू नका. कॅमेरा अंधार उजळून दाखवतो.

रेघोट्या: फॉइल शीर्षकापुरतं, हे यजमानांना पटेल. काळ्या कार्डाचा हट्ट राहील असं दिसतंय.

शाईवाला: मग काळ्या कार्डाला रुंद पांढरी कड द्या. अनघाला तेही पटणार नाही.