मदत हवी आहे: रोजनिशीसारखी लिहिलेली प्रकल्पाची नोंद विषयवार अहवालात कशी बसवू?

मृण्मयी_प
ओलावा मोजून वाफ्यांना पाणी देण्याचा छोटा प्रकल्प केला. मातीत तीन सेन्सर पुरले होते. रोज वहीत लिहीत गेले, आता त्याचा मथळ्यांसह विषयवार अहवाल द्यायचाय. नोंदी अशा आहेत:

"४ जून. तिन्ही सेन्सर पुरले."
"१९ जून. सेन्सर २ सारखा कोरडं दाखवतोय. वायर बदलली, फरक नाही. त्या वाफ्याला रोज दहा मिनिटं जास्त पाणी सुरू केलं."
"२७ जून. सेन्सर २ भोवतीची माती बसून पोकळी झाली होती. पुन्हा पुरला, ठीक झाला. तिन्हींचं कॅलिब्रेशन वाफ्यातल्याच मातीत नव्याने केलं."

एकाच नोंदीत तीन विषय, आणि कारण कळतं ते आठ दिवसांनी. मथळ्यांखाली नोंदी चिकटवल्या तर वाचताना काहीच लागत नाही.

सुहास७१
सोपं आहे. उद्देश, पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष हे मथळे आधी टाका आणि नोंदी त्यात भरा. तारखा सगळ्या काढा, म्हणजे आपोआप अहवाल वाटेल.

नोंदवही
मथळ्यांचा साचा ठीक आहे, पण "निरीक्षणं"खाली पुन्हा रोजनिशीच तयार होईल. आणि तारखा सरसकट काढल्या तर या प्रकल्पात घोटाळा होईल. २७ जूनच्या आधीचे आकडे जुन्या कॅलिब्रेशनचे आहेत, नंतरचे नव्या. दोन्ही एका तक्त्यात विनातारीख आले तर वाचणारा त्यांची तुलना करणारच.

मी आधी नोंदी फोडते. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एकच गोष्ट, शेजारी तारीख, आणि तिसऱ्या रकान्यात ती ओळ कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते. तुमच्या १९ जूनच्या तीन ओळी होतील. कोरडं दाखवणं आणि वायर या दोन्ही "रीडिंगवर भरवसा किती?" इथे जातील. जास्तीचं पाणी "पाणी किती आणि का दिलं?" इथे. मग तिसऱ्या रकान्यावर सॉर्ट करा. जे गट पडतील तेच मथळे.

त्यानंतर वही बंद करून प्रत्येक गट नव्याने लिहा, शेवटी जे कळलं ते आधी ठेवून. वहीतली वाक्यं उचलली की "परत", "काल", "तरीही" असे शब्द सोबत येतात आणि नव्या जागी त्यांना आधार उरत नाही. अहवाल मागेपुढे उड्या मारतोय असं वाटलं तर आधी हे शब्द शोधा.

वाफसा
माझं काम यंत्रांच्या बिघाडाच्या अहवालांचं. आमच्याकडे क्रम मोडला तर अहवाल परत येतो, कारण कशानंतर काय झालं हेच तर विचारलेलं असतं. त्यामुळे विषयवार करूच नये असं माझं मत.

नोंदवही
बिघाडाच्या अहवालात ते बरोबरच आहे. इथे वाचणाऱ्याला पद्धत चालली का आणि पाणी किती लागलं हे हवंय. क्रम हवाच असेल तर सुरुवातीला पाच-सहा ओळींचा तारीखवार तक्ता पुरे. मूळ वही परिशिष्टात.

मृण्मयी_प
फोडून पाहिलं. "रीडिंगवर भरवसा" या गटाचा मजकूर असा झाला:

"सेन्सर २ ची १९ ते २७ जूनची रीडिंग ग्राह्य नाहीत. भोवतीची माती बसून पोकळी झाल्याने तो प्रत्यक्षापेक्षा कोरडी माती दाखवत होता. वायर बदलून फरक पडला नाही."

नोंदवही
छान, कारण वर आलं. पण १९ जून ही लक्षात आल्याची तारीख आहे. पोकळी त्याआधीच पडू लागली असणार. वहीत हा फरक दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्ट कळली त्या दिवशी लिहिलेली असते. "लक्षात आलं १९ जूनला, सुरुवात कधी ते निश्चित नाही" असं लिहा आणि ४ जूनपासूनची त्या सेन्सरची सगळी रीडिंग वेगळी दाखवा.

दुसरं म्हणजे ते जास्तीचं पाणी. ते चुकीच्या रीडिंगमुळे दिलं गेलं, पण आता कारण एका मथळ्याखाली आणि परिणाम दुसऱ्या. पाण्याच्या भागात एक वाक्य घाला: हे पाणी सेन्सर २ च्या सदोष रीडिंगवरून दिलं, तपशील "रीडिंगवर भरवसा" मध्ये. नाहीतर त्या वाफ्याला खरंच जास्त पाणी लागतं असा अर्थ निघेल.

सुहास७१
तारखांबद्दल पटलं. पण न उपयोगी पडलेली वायर अहवालात कशाला? जागा अडवते.

नोंदवही
पुढचा माणूस आधी वायरच बदलून बघेल, म्हणून अर्धं वाक्य राहू द्यावं असं मला वाटतं. वेगळा मथळा मात्र नको.

वाफसा
मी असतो तर अयशस्वी प्रयत्नांना वेगळा मथळाच दिला असता. शोधायला सोपं जातं.

मृण्मयी_प
वायर सध्या अर्ध्या वाक्यात ठेवते, वेगळ्या मथळ्याचं अजून ठरत नाही. जुन्या कॅलिब्रेशनच्या काळातली मूळ, न बदललेली रीडिंग जपून ठेवली आहेत. सेन्सर १ आणि ३ ची तेवढी नव्या कॅलिब्रेशनने पुन्हा काढून एकाच तक्त्यात घेऊ, की दोन तक्ते ठेवू?