मदत हवी आहे: कोटेशनची तारीख चुकली, माफीचा मेल कसा लिहू?

माझा सोसायट्यांना छतावर सोलर बसवून देण्याचा व्यवसाय आहे. एका सोसायटीच्या सेक्रेटरींना 'शुक्रवारी कोटेशन देतो' म्हणालो होतो. आज मंगळवार. पॅनेल आणि इन्व्हर्टरचे भाव हातात आहेत, पण लोखंडी स्ट्रक्चरवाल्याचा दर अजून आलेला नाही. तो गुरुवारी देतो म्हणतोय, म्हणजे शुक्रवार धरायचा! त्यांची कमिटी मीटिंग रविवारी आहे.

मसुदा असा:

'नमस्कार सर, शुक्रवारी कोटेशन देतो म्हणालो होतो, ते दिलं नाही आणि तसं कळवलंही नाही. माफ करा. स्ट्रक्चरचा दर यायचा आहे. बाकी तपशील आणि छताचा आराखडा सोबत जोडला आहे. पूर्ण कोटेशन शनिवारी दुपारी 12 पर्यंत पाठवतो. मीटिंगसाठी त्याआधी लागणार असेल तर कळवा, अंदाजे आकडा वेगळा देतो.'

आधी 'उद्या नक्की' लिहिलं होतं, ते खोडलं. दुसऱ्यांदा चुकलो तर संपलंच.

तीन शंका आहेत. स्ट्रक्चरवाल्याचं कारण ठेवू की काढू? वाचताना दुसऱ्यावर ढकलल्यासारखं वाटतंय. आणि अंदाजे आकडा द्यावा का? नंतर वाढला तर कमिटी तोच धरून बसते. सेक्रेटरींचा एकदा फोन येऊन गेलाय, तर मेलआधी फोन करू का?