नवीन नात्यात सारखं "चिडला नाहीस ना?" विचारावंसं वाटतं. कुणाला असा अनुभव आहे?

गवतीचहा: साखरपुडा झालाय, लग्न मार्गशीर्षात. तो पुण्यात, मी नाशकात. रोज "गुड नाईट गं" येतं, एखाद दिवशी नुसतं "गुड नाईट" आलं की पोटात गोळा येतो, मग जुने मेसेज वर सरकवत बघत बसते की मी काय वावगं बोलले, शेवटी विचारतेच. तो "अगं काही नाही" म्हणतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि सकाळी परत तेच. तुम्ही काय केलंत?

खारा_वारा: माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत, जहाजावर रेंजच नसायची! रोज ठरलेल्या वेळी फोन करायला सांग, प्रश्न मिटला.

गवतीचहा: ताई, फोन रोज होतो हो. ठेवल्यावर सुरू होतं माझं.

पिंपळपान: लहानपणी पाळणाघरात राहिलेल्यांना होतं हे, मलाही होतं.

मनमोकळी: मी समुपदेशक आहे. लहानपणाचा वाटा असतो, पण नुसतं पाळणाघरामुळे असं होत नाही. एका माणसासोबत निवांत असणारी व्यक्ती दुसऱ्यासोबत कासावीस होते, कारण समोरचा कधी भरभरून बोलतो, कधी गायब होतो.
गवतीचहा, "काही नाही" ऐकलं की भीती उतरते, पण न विचारताही ती उतरली असती हे मनाला कळतच नाही, म्हणून पुढच्या वेळी लवकर विचारावं लागतं. आधी वीसच मिनिटं थांब. कशाची भीती वाटतेय ते कागदावर लिही, उदाहरणार्थ "उद्या फोन करणार नाही", आणि उद्या खरंच काय झालं ते शेजारी लिही. जमलं की वेळ वाढव. आणि अगदीच राहवलं नाही तर परीक्षा घेतल्यासारखं विचारण्यापेक्षा सरळ सांग, "आज अस्वस्थ वाटतंय, दहा मिनिटं बोलूया का?"

रातराणी७: मी मुलगा आहे, मी विचारायचो नाही, उलट मुद्दाम तिचे मेसेज न बघता ठेवायचो, म्हणजे ती घाबरून फोन करेल. ती करायचीही. नंतर मात्र तीही गप्प राहायला लागली आणि मग खरंच कोण कुणापासून लांब जातंय तेच कळेना.

पिंपळपान: पण तो खरंच बदलला असेल तर? वहीत लिहून काय होणार?

मनमोकळी: वहीतच दिसेल की. एका मेसेजवरून ठरवू नकोस, दोन-तीन आठवड्यांचं बघ. ठरलेली भेट रद्द केली तर दुसरा दिवस तो स्वतःहून सुचवतो का? तू मनातलं बोललीस की ऐकतो, की "तुझं नेहमीचंच" म्हणून उडवून लावतो? उडवून लावत असेल तर दोष तुझ्या भीतीला देऊ नकोस.

गवतीचहा: सुचवतो, ते खरंय. पण गेल्या आठवड्यात "किती वेळा विचारशील" म्हणाला, ते कशात धरायचं?