झेंडा उघडाच चढवावा की वर बांधून फुलांसह उघडावा?

सी विंग, सिंहगड रोड
गेल्या १५ ऑगस्टला आमच्या सोसायटीत झेंडा उघडलाच नाही. अध्यक्षांनी दोरी ओढली तर गाठोडं अर्ध्या खांबापर्यंत खाली आलं. परत वर नेऊन जोर लावला, तशी गाठ आणखी आवळली. शेवटी सगळं खाली घेऊन हातांनी सोडवलं. तोवर मागच्या रांगेतून 'जन गण मन' सुरू झालं होतं आणि मुलं रिकाम्या खांबाकडे बघत गात होती. मला फार वाईट वाटलं. यंदा बांधाबांध न करता उघडा झेंडाच खालून वर चढवावा असं मी म्हणते. समितीतले बाकीचे म्हणतात, फुलं पडली नाहीत तर झेंडावंदन कसलं. तुम्हाला काय वाटतं?

कर्वेनगरकर
तुमचंच बरोबर आहे, आणि हा मताचा प्रश्नच नाही. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा आणि २६ जानेवारीला वर बांधलेला उघडायचा, असा नियम आहे. ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. समितीला दाखवा, वाद संपेल.

निवृत्त पीटी शिक्षक
कर्वेनगरकर, हा फरक आपण सगळेच वर्षानुवर्षं सांगत आलो, शाळेत मीही सांगितला. पण २००२ च्या ध्वजसंहितेच्या आधारे समितीला अडवू नका. झेंडा जोमाने चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा असं तीत आहे. उघडण्यापूर्वी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही असंही आहे, आणि तिथे प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन दोन्हींची नावं एकत्र आहेत. म्हणजे १५ ऑगस्टला बांधून उघडला तरी काही चुकत नाही.

आता ताई, तुमच्या झेंड्याचं काय झालं ते तुमच्या वर्णनातच आहे. चुका दोन झाल्या. गाठोडं खाली आलं याचा अर्थ झेंडा वर नेणारी दोरी खांबाच्या खुंटीला पक्की बांधलेली नव्हती. झेंडा कप्पीपर्यंत गेला की ती दोरी आठाच्या आकड्यात गुंडाळून घट्ट करायची, मग तिला हात लावायचा नाही. अध्यक्षांनी ओढायची ती दुसरी, झेंड्याच्या खालच्या टोकाला बांधलेली. वरची दोरी मोकळी असेल तर खालची ओढल्यावर झेंडा उघडणार नाही, उतरणारच.

दुसरी चूक गाठीची. गाठोड्याला गाठ मारायचीच नसते. झेंड्याची लांबीत दोनदा घडी घालायची, मग मोकळ्या कडेकडून दोरीच्या कडेपर्यंत सैलसर गुंडाळत आणायचं. पाकळ्या शेवटच्या वळशांत ठेवायच्या, आणि मूठभरच. मग खालच्या दोरीचे दोन वेढे गाठोड्याभोवती घेऊन तिचाच एक दुमड वेढ्याखाली खोचायचा, टोक नव्हे. बुटाच्या नाडीचा फासा एका झटक्यात सुटतो, तसा हा सुटला पाहिजे. सुटेल की नाही हे जमिनीवरच कळतं. एकाने गाठोडं धरायचं, दुसऱ्याने दोरीला हलका झटका द्यायचा. दोनदा झटका द्यावा लागला तर वर बारा फुटांवर तो सुटणार नाही.

सी विंग, सिंहगड रोड
सर, खुंटीला एकच दोरी गुंडाळलेली होती, आणि ती बहुधा खालचीच होती. आता उलगडा झाला.

वानवडी, पहिला मजला
मी फुलांच्या बाजूने आहे. आमच्याकडे लहान मुलं आदल्या संध्याकाळी झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्या सोडतात. सकाळी त्या अंगावर पडतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, ही मी सोडलेली. झेंडा उघडा चढवला तर मुलांच्या हाताला काय काम उरतं? एकदा चुकलं म्हणून पद्धतच बंद करू नये.

निवृत्त पीटी शिक्षक
तुमचं म्हणणं मनाला पटतं. फक्त पाकळ्या सकाळी सोडा आणि कोरड्या घाला. पुण्यात पंधरा ऑगस्टला भुरभुर असतेच. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात, सुती झेंडा भिजून जड होतो आणि खोचलेला दुमड फुगून अडकतो. पाऊस चालू असेल तर माझं मत सी विंगच्या बाजूने, उघडाच चढवा.

कर्वेनगरकर
पाकळ्यांचं कलम मला माहीत नव्हतं, ते मान्य. तरी उघडा झेंडा वर जाताना बघणं मला जास्त भावतं. सगळ्यांची मान त्याच्याबरोबर वर जाते.

धायरी, माजी सचिव
आम्ही तीन वर्षं उघडाच चढवतोय, तेही वाटतं तितकं सोपं नाही. दोरी बांधेपर्यंत झेंडा दोघांनी हातांवर तोलून धरावा लागतो, नाहीतर जमिनीला लागतो. एका वर्षी केशरी पट्टा खाली येणार होता, शेवटच्या क्षणी एका शाळकरी मुलीच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी झेंड्याच्या दोरीतली लाकडी खिटी आधी हाताने चाचपतो. ती असते ते टोक वरचं, केशरी बाजूचं.

बाल्कनीतला झेंडा
विषय निघालाच आहे तर विचारतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बाल्कनीत लावलेला झेंडा अजून तसाच आहे. रात्री उतरवला नाही तर चालतो असं ऐकलं. पण कडेला फाटलाय आणि रंगही उतरलाय.

धायरी, माजी सचिव
रात्रीचं बरोबर आहे, जुलै २०२२ च्या बदलानंतर नागरिकांना दिवसरात्र लावता येतो. पण फाटलेला, विटलेला झेंडा लावता येत नाही. आजच उतरवा. घरी, चारचौघांत नव्हे, मानाने पूर्ण जाळून टाका. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

दोन मुलांची आई, वारजे
झेंडा कसाही चढवा, पण पुढच्या कार्यक्रमाचं बोला. माझ्या मुलीचं देशभक्तिपर गीत चार भाषणांनंतर होतं. पाऊण तास ओल्या खुर्चीवर बसून ती कंटाळली आणि माईकसमोर रडली. मुलांचं आधी ठेवा, भाषणं नंतर.

वानवडी, पहिला मजला
आम्ही तसं केलं होतं. मुलांचं झाल्यावर आईवडील मुलांना घेऊन वर गेले. आमच्या इमारतीतले एक निवृत्त सुभेदार सीमेवरच्या थंडीतल्या रात्रीबद्दल बोलणार होते, त्यांच्यासमोर सात जण उरले. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो.

दोन मुलांची आई, वारजे
मग सुभेदारांचं एकच भाषण ठेवा, तेही मधोमध. अध्यक्ष, खजिनदार, प्रायोजक यांना कशाला बोलावं लागतं? आणि जिलेबी शेवटी वाटा, म्हणजे लोक थांबतात.

धायरी, माजी सचिव
खजिनदार वर्षभर फुकट राबतात. त्यांना दोन मिनिटंही द्यायची नाहीत, हे मला पटत नाही.

सी विंग, सिंहगड रोड
आज संध्याकाळी समितीपुढे सरांची दोन दोऱ्यांची गोष्ट मांडली. फुलं की उघडा यावर अजून एकमत नाही, तीन विरुद्ध तीन. पण १४ तारखेला साडेपाच वाजता खांबापाशी जमून रंगीत तालीम करायची हे ठरलं. वर नेणारी दोरी कोणती हे चटकन कळावं म्हणून तिला लाल चिकटपट्टी लावणार आहोत. सर, तुम्ही जवळपास राहत असाल तर याल का? दुमड नेमका कसा खोचायचा ते हातात घेऊन बघायचं आहे.

निवृत्त पीटी शिक्षक
येतो. तालमीला झेंडा वापरू नका, त्याच मापाची जुनी चादर फाडून ठेवा. दोरी मात्र त्या दिवशीचीच हवी, नायलॉनची असेल तर दुमड सुटायच्या आधीच घसरतो.