पीएलएस असताना पीसीआर कशाला?

नवा_पाहुणा: आर भाषेतल्या `pls` पॅकेजातला `gasoline` डेटा घेतला. पेट्रोलचे 60 नमुने, प्रत्येकाची 401 तरंगलांबींवरची निअर-इन्फ्रारेड म्हणजे एनआयआर वाचनं, भाकीत ऑक्टेनचं. पहिले 50 नमुने `gasTrain` मध्ये. पीएलएसने, म्हणजे पार्शल लीस्ट स्क्वेअर्सने, दोनच घटकांत एकेक नमुना बाजूला ठेवून मोजलेली लीव्ह-वन-आउट चूक 0.3 च्या आसपास आणली. मग ऑक्टेनकडे न बघताच घटक काढणारं पीसीआर, म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट रिग्रेशन, वापरायचं कशाला?

रोखठोक: तेच तर! पीएलएस ऑक्टेनशी जोडलेलं तेवढंच उचलतं, बाकीचं सोडून देतं. कमी घटक म्हणजे साधं मॉडेल. विषय संपला.

लॅबवाली_ताई: इतक्यात नको. त्याच मॉडेलची `summary` बघा. पहिल्या घटकाने स्पेक्ट्रममधला 78 टक्के फरक टिपला, पण ऑक्टेनमधला 29 टक्केच. दुसऱ्याने स्पेक्ट्रमच्या बाजूला जेमतेम 7 टक्क्यांची भर घातली आणि ऑक्टेन थेट 97 वर गेलं. फक्त ऑक्टेनशी जोडलेलं उचललं असतं तर पहिला घटक असा निघाला नसता. पीएलएस कोव्हेरियन्स मोठा करतं, आणि त्यात कोरिलेशनसोबत त्या दिशेचा फैलावही गुणला जातो. फैलाव दांडगा असेल तर ऑक्टेनशी अर्धवट नातं असलेली दिशाही पुढे घुसते.

सरळवाट: एवढी उठाठेव कशाला? एक रकाना बाकीच्यांतून किती तयार होतो हे सांगणारा व्हीआयएफ काढा, एकमेकींसोबत हलणाऱ्या तरंगलांबी उडवा, साधं रिग्रेशन लावा.

लॅबवाली_ताई: 50 नमुने आणि 401 रकाने. कोणताही रकाना बाकीच्यांतून तंतोतंत तयार होतो, त्यामुळे व्हीआयएफ निघणारच नाही. शिवाय शेजारच्या तरंगलांबी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मोजतात म्हणून तर गोंगाट विरतो. त्या उडवल्या की तो फायदा गेला.

रोखठोक: पण दोन घटकांत काम झालं, हे तर खरं ना?

लॅबवाली_ताई: झालं. पण घटक मोजून साधेपणा ठरत नाही. ऑक्टेनचे आकडे पिसून बघा:

```r
y <- sample(gasTrain$octane)
m <- plsr(y ~ NIR, ncomp = 5, data = gasTrain)
R2(m, estimate = "train")
```

आता नातं काहीच उरलेलं नाही. इथे `pcr` चे पाच घटक ट्रेनिंगमध्ये सरासरी 5/49, म्हणजे साधारण 10 टक्के जुळवतील. पीएलएस त्याहून बरंच जास्त जुळवतं, कारण त्याचा प्रत्येक घटक ऑक्टेन बघूनच घडतो. आठदहा वेळा पिसा, एकदाच नको.

नवा_पाहुणा: म्हणजे पीसीआर घेऊ?

लॅबवाली_ताई: तसंही नाही. पीसीआरमध्ये घटक फैलावाच्या क्रमाने येतात, आणि ऑक्टेन एखाद्या बारक्या घटकात दडलेलं असू शकतं. पहिले दोनतीन घेऊन थांबलात तर ते हातचं जाईल. मी दोन्हींत घटकांची संख्या क्रॉस-व्हॅलिडेशनवर ठरवते. मग चुकीत बहुतेक वेळा फारसा फरक राहत नाही.

ओळीत_या: बारका घटक ऑक्टेन बघून उचलायचा, तर ते पीसीआर कसलं? चोरवाटेचं पीएलएसच ते.

लॅबवाली_ताई: निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या प्रत्येक फोल्डच्या आत झाली तर चालतं, असं माझं मत.

ओळीत_या: 50 नमुन्यांत ती निवड दर फोल्डला बदलत राहिली तर? मला नाही पटत.