एनओसीचं पत्र: तुमचे अनुभव लिहा

सायली_०७: भाचीने विभागप्रमुखांना लिहिलेला अर्ज तपासायला पाठवला. कॉलेजबाहेरच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी ना हरकत प्रमाणपत्र हवंय. वाचून माझी तेव्हाची धावपळ आठवली. कंपनी म्हणे आधी एनओसी, मग ऑफर लेटर. विभाग म्हणे आधी ऑफर लेटर. शेवटी एचआरकडून मेल मागवला: निवड झाली आहे, कालावधी अमुक, पक्कं पत्र एनओसीनंतर. तो छापून अर्जाला जोडला आणि सही मिळाली. तुमचं कसं झालं?

मधलीसुट्टी: सेम! फक्त आमच्या एचआरने मेलला उत्तरच दिलं नाही, ती जागाच गेली 😢

सायली_०७: अरेरे. फार वाईट वाटलं वाचून.

खडूफळा: मी विभागात हे अर्ज बघते. पहिली नजर तारखांवर जाते. यंदाचंच उदाहरण. लेखी परीक्षा १६ मेला संपते म्हणून एकाने १८ मेपासून रुजू होतो असं लिहिलं. पण तोंडी परीक्षा २४ पर्यंत होत्या. सरांनी अर्ज परत केला. मग त्याने कंपनीकडून तारीख बदलून घेतली आणि नवं वाक्य असं लिहिलं: "माझी लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा २४ मे रोजी संपत असून इंटर्नशिप २७ मे ते ७ जुलै अशी सहा आठवड्यांची आहे. १० जुलैला सुरू होणाऱ्या सत्राला मी पहिल्या दिवसापासून हजर राहीन." लगेच सही. सरांना अडचण नेमकी तिथेच दिसते, म्हणून ती अर्जातच सोडवलेली बरी.

पावसाळीढग: एनओसी मिळाली की क्रेडिटही मिळतातच ना? आमच्या सीनियरला मिळाले.

खडूफळा: नाही हो. एनओसी म्हणजे जायला हरकत नाही, एवढंच. क्रेडिट हवे असतील तर आधीच वेगळी मंजुरी आणि मार्गदर्शक शिक्षक लागतात. सीनियरने तेही केलं असेल.

आईची_लेक: माझ्या पासपोर्टसाठी ऑफिसची एनओसी अडकलीये, कुणाला मेल करू?

मधलीसुट्टी: ताई, इथे कॉलेजचं चाललंय. तुमच्या एचआरलाच विचारा 🙂

रात्रपाळी: घाईत लिहितोय, बस आली. सही झाली तरी जावक क्रमांक आणि शिक्का बघून घ्या. माझं पत्र साध्या कागदावर होतं, कंपनीने परत पाठवलं. विभागाच्या लेटरहेडवरच हवं होतं, तोवर सर सुट्टीवर.

पावसाळीढग: पालकांचं संमतीपत्र लागतं का?

खडूफळा: आमच्याकडे बाहेरगावी जाणार असेल तर घेतो.

सायली_०७: आमच्याकडे कुणीच मागितलं नव्हतं. भाचीला आधी विभागात विचारायला सांगते.